एकाहून कमी सरासरी

कागदावर शंभर ठिपके काढा आणि प्रत्येक ठिपका बाकीच्या प्रत्येकाशी रेघेने जोडा. एकूण ४,९५० रेघा होतील. आता प्रत्येक रेघ तांबड्या किंवा निळ्या शाईने गिरवायची आहे. अट एकच: कुठलेही दहा ठिपके निवडले, तरी त्यांच्या आपसातल्या ४५ रेघा सगळ्याच्या सगळ्या एका रंगाच्या निघता कामा नयेत. असं रंगवता येईल का?

करून बघायला बसलं की अडचण लगेच कळते. शंभरांतून दहा ठिपके निवडण्याचे सुमारे १७ लाख ३१ हजार कोटी प्रकार आहेत. समजा, एखादी रंगयोजना तयार झाली. ती अटीत बसते का हे एकेक गट घेऊन पाहायचं ठरवलं, तर सेकंदाला एक कोटी गट तपासणारं यंत्रही वीस दिवस चालवावं लागेल. आणि रंगयोजना तरी किती? प्रत्येक रेघेला दोन पर्याय, म्हणजे २ चा ४,९५० वा घात. ही संख्या लिहायला १,४९१ आकडे लागतात. एकेक करून तपासण्याचा विचारही सोडून द्यावा लागतो.

तरीही उत्तर 'हो' आहे, आणि ते कसं मिळवायचं हे १९४७ पासून माहीत आहे. हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डोश यांनी त्या वर्षी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये एक छोटा निबंध लिहिला, त्यात हा युक्तिवाद आहे. तो अर्ध्या पानात मावतो. त्यात एकही रंगयोजना काढून दाखवलेली नाही, कुठे शोधावी हेही सांगितलेलं नाही. ती असलीच पाहिजे, एवढंच सिद्ध केलं आहे; आणि ते शंकेला जागा न ठेवता.

हा प्रश्न आला कुठून, ते आधी थोडक्यात पाहू. फ्रँक रॅम्झी या केंब्रिजच्या तरुणाने तर्कशास्त्रातला एक प्रश्न सोडवताना एक प्रमेय सिद्ध केलं. तो निबंध १९३० साली छापला गेला, आणि त्याच वर्षी जानेवारीत वयाच्या २६ व्या वर्षी रॅम्झी वारला. प्रमेयाचा आपल्या कामाचा भाग असा: ठिपके पुरेसे असले, तर एकरंगी गट टाळताच येत नाही. तीनच्या गटासाठी सहा ठिपके पुरतात. सहांतला एक ठिपका घ्या. त्याच्यापासून पाच रेघा निघतात, म्हणून त्यांतल्या किमान तीन एका रंगाच्या असणार, समजा तांबड्या. या तीन रेघांच्या दुसऱ्या टोकांना जे तीन ठिपके आहेत, त्यांच्यातली एखादी रेघ तांबडी असेल तर तांबडा त्रिकोण तयार झाला. एकही तांबडी नसेल तर तेच तिघे मिळून निळा त्रिकोण. सुटका नाही. पाच ठिपके असते तर सुटता आलं असतं: पंचकोनाच्या बाजू तांबड्या, कर्ण निळे, आणि एकही एकरंगी त्रिकोण नाही.

चारच्या गटासाठी हाच आकडा १८ आहे. तो ग्रीनवुड आणि ग्लीसन यांनी १९५५ मध्ये पक्का केला. पाचच्या गटासाठी तो ४३ ते ४६ च्या दरम्यान आहे, नेमका किती ते आजही कुणाला ठाऊक नाही. दहाच्या गटाची तर गोष्टच सोडा. १९३५ मध्ये एर्डोश आणि जॉर्ज सेकेरेश यांनी वरच्या बाजूने एक कुंपण घातलं होतं: दहाच्या गटासाठी ४८,६२० ठिपके घेतले की एकरंगी गट सापडलाच पाहिजे. पण किती ठिपक्यांपर्यंत तो टाळता येतो, ही खालची बाजू मोकळीच होती.

खालच्या बाजूने एक साधी रचना कुणालाही सुचेल. ८१ ठिपके घ्या, त्यांचे नऊ-नऊचे नऊ कळप करा. कळपातल्या रेघा तांबड्या, दोन कळपांना जोडणाऱ्या रेघा निळ्या. दहा ठिपक्यांचा तांबडा गट होऊ शकत नाही, कारण कळपात नऊच आहेत. निळाही होऊ शकत नाही, कारण कुठलेही दहा ठिपके उचलले तर त्यांतले निदान दोन एकाच कळपातले निघतात. रचना नीटनेटकी आहे, पण ८१ वर थांबते. शंभरापर्यंत कसं जायचं?

एर्डोशच्या युक्तिवादाचं उत्तर असं, की रचना करायचीच नाही. प्रत्येक रेघेसाठी नाणं उडवा. छापा आला तर तांबडी, काटा आला तर निळी. ४,९५० वेळा नाणं उडवलं की एक रंगयोजना हातात येते. आता तिच्यात दहाचे एकरंगी गट सरासरी किती असतील, ते मोजू.

आधी एकच गट घ्या. त्याच्या ४५ रेघांपैकी पहिलीचा रंग कुठलाही येवो. मग उरलेल्या ४४ रेघांनी तोच रंग घ्यायला हवा, आणि प्रत्येकीने तो घेण्याची शक्यता निम्मी. म्हणजे हा गट एकरंगी होण्याची शक्यता २ च्या ४४ व्या घातात एक, अर्थात सुमारे १७ लाख ५९ हजार कोटींत एक. आणि असे गट एकूण किती? १७ लाख ३१ हजार कोटी. दोन्ही आकडे पूर्ण लिहायचे तर गट १,७३,१०,३०,९४,५६,४४० आहेत आणि शक्यतेचा छेद १,७५,९२,१८,६०,४४,४१६ आहे. गटांच्या संख्येला शक्यतेने गुणलं की एकरंगी गटांची सरासरी संख्या येते: ०.९८४.

एकाहून कमी. इथे सिद्धता संपली. एकरंगी गटांची संख्या कुठल्याही रंगयोजनेत पूर्णांकच असते: शून्य, एक, दोन, तीन. सगळ्या रंगयोजनांमध्ये ती किमान एक असती, तर सरासरीही किमान एक आली असती. ती एकाहून कमी आली, तेव्हा कुठेतरी शून्य आहेच.

पहिल्यांदा वाचताना बहुतेकांना इथे फसवल्यासारखं वाटतं, आणि शंका नेहमी एकाच जागी येते. गट तर एकमेकांत गुंतलेले आहेत. दहाचा एक गट एकरंगी झाला, आणि त्याच्याशी नऊ ठिपके सामायिक असलेला शेजारचा गट पाहिला, तर त्याच्या ४५ पैकी ३६ रेघा आधीच त्या रंगाच्या आहेत. उरलेल्या नऊ जुळल्या की झालं, म्हणजे शक्यता एकदम ५१२ त एक. लाखो कोटींतली एक होती, ती इथे येऊन पोचली. मग सगळ्या गटांच्या शक्यता सरळ एकत्र कशा करता येतील?

येतात, आणि का येतात ते समजण्यासाठी शक्यता हा शब्दच बाजूला ठेवावा. शाळेतल्या हजेरीपटासारखा एक प्रचंड तक्ता डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक रंगयोजनेला एक ओळ, दहाच्या प्रत्येक गटाला एक स्तंभ. त्या ओळीच्या रंगयोजनेत तो गट एकरंगी असेल तर त्या चौकटीत खूण करायची. आता सगळ्या खुणा मोजायच्या आहेत. स्तंभांनी मोजलं तर काम सोपं आहे, कारण प्रत्येक स्तंभात एकूण ओळींच्या १७ लाख ५९ हजार कोटीव्या हिश्शाइतक्याच खुणा असतात. शेजारच्या स्तंभात काय आहे याच्याशी या मोजणीचा काही संबंध नाही. सगळ्या स्तंभांची बेरीज ओळींच्या संख्येच्या ०.९८४ पट भरते. खुणा ओळींपेक्षा कमी, म्हणजे एखादी ओळ कोरी राहणारच. गटांमधल्या गुंतागुंतीमुळे खुणा कुठल्या ओळींत दाटतात ते ठरतं. खुणांची एकूण संख्या बदलत नाही.

एर्डोशने आपल्या निबंधात असंच मोजून लिहिलं होतं. नाणं आणि सरासरीची भाषा पुढे रूढ झाली, कारण किचकट प्रश्नांत तीच सोयीची पडते.

तक्ता खरोखर भरून पाहायचा असेल, तर चार ठिपके आणि तीनचे गट घ्या. रेघा सहा, रंगयोजना ६४, त्रिकोण चार. एक त्रिकोण एकरंगी होण्याची शक्यता चारांत एक. चार त्रिकोणांची सरासरी बरोबर एक. मोजून पाहिलं तर ६४ पैकी १८ रंगयोजनांत एकही एकरंगी त्रिकोण नाही, ३२ मध्ये एक आहे, १२ मध्ये दोन आणि २ मध्ये चारही. तीन एकरंगी त्रिकोण कधीच येत नाहीत. ही गुंतागुंतीची करामत. खुणांची बेरीज करा: ३२, अधिक २४, अधिक ८, म्हणजे ६४. सरासरी एक. या छोट्या तक्त्यात आणखी एक बारकावा दिसतो. सरासरी नेमकी एक असूनही कोऱ्या ओळी आहेत, आणि त्या असणार हे मोजण्याआधीच सांगता आलं असतं. सगळ्या रेघा तांबड्या असलेल्या ओळीत चार खुणा आहेत. कुणी सरासरीच्या वर गेलं, तर कुणीतरी खाली असलंच पाहिजे.

या सिद्धतेत नशिबाचा अंशही नाही. 'बहुधा असेल' असं ती म्हणत नाही. नाणं हे फक्त मोजायचं साधन आहे. मात्र नाण्याच्या भाषेतून थोडी वरची माहितीही मिळते: शंभर ठिपक्यांची रंगयोजना खरोखर नाणं उडवून केली, तर ती अटीत बसण्याची शक्यता निदान १.६ टक्के आहे. प्रत्येक नापास रंगयोजनेत किमान एक खूण असते आणि सरासरी ०.९८४ च आहे, तेव्हा नापास ओळींचं प्रमाण ९८.४ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही.

शंभराचा आकडा गोल आला, हा निव्वळ योगायोग. १०१ ठिपके घेतले की गट १९ लाख २१ हजार कोटींवर जातात, सरासरी एकाच्या वर जाते आणि युक्तिवाद तिथेच अडतो.

अडतो म्हणजे 'आता अशी रंगयोजना नाही' असं त्यातून मुळीच निघत नाही. इथे नवशिके हमखास घसरतात. सरासरी एकाहून कमी असली तर शून्य आहे, पण सरासरी मोठी असली तर काहीच कळत नाही. चारच्या गटाचं उदाहरण घेऊ. चार ठिपक्यांत सहा रेघा, म्हणून एक गट एकरंगी होण्याची शक्यता ३२ त एक. सहा ठिपक्यांत चारचे १५ गट असतात, तिथपर्यंत युक्तिवाद चालतो. सात ठिपक्यांत ३५ गट होतात आणि तो थांबतो. आता १७ ठिपके पाहा. गट २,३८०, सरासरी ७४ च्याही वर. आणि तरीही १७ ठिपक्यांवर निर्दोष रंगयोजना आहे. ठिपके वर्तुळावर सारख्या अंतराने मांडा. दोन ठिपक्यांमधलं जवळच्या बाजूने मोजलेलं अंतर १, २, ४ किंवा ८ घरं असेल तर रेघ तांबडी. ३, ५, ६ किंवा ७ असेल तर निळी. १३६ रेघांपैकी ६८ तांबड्या, ६८ निळ्या, आणि चारचा एकही गट एकरंगी नाही. अठरा हा आकडा पक्का झाला त्यात खालची बाजू याच रंगयोजनेने धरली. सरासरी ७४ असलेल्या तक्त्यात एक ओळ कोरी होती, आणि सरासरीने तिचा पत्ता लागू दिला नाही.

लहान गटांसाठी, प्रामाणिकपणे सांगायचं तर, एर्डोशची पद्धत दुबळीच आहे. दहाच्या गटासाठीही अशा सममित रचना आणि संगणक यांच्या मदतीने सातशेहून अधिक ठिपक्यांपर्यंत मजल गेली आहे. पद्धतीचा जोर दिसतो तो गट मोठे झाल्यावर, आणि त्याकडे वळायचंच आहे. पण त्याआधी, सरासरी एकाच्या वर गेली तरी सगळं संपत नाही, हे पाहू.

१२० ठिपके घ्या. दहाच्या एकरंगी गटांची सरासरी आता सुमारे ६.६ येते. शून्य आहे असं म्हणता येणार नाही, पण कुठल्यातरी रंगयोजनेत ते सहा किंवा त्याहून कमी आहेत, एवढं नक्की. ती रंगयोजना घ्या आणि प्रत्येक एकरंगी गटातला एक ठिपका त्याच्या सगळ्या रेघांसकट खोडून टाका. जास्तीत जास्त सहा ठिपके जातील. उरलेल्या ११४ ठिपक्यांत एकरंगी गट उरणार नाही, कारण जुन्यांपैकी प्रत्येकाचा एक ठिपका गेला आहे आणि खोडण्याने नवा गट तयार होत नाही. शंभरावरून ११४ वर आलो ते नुसतं थोडा बिघाड चालवून घेऊन आणि मग तो दुरुस्त करून. या क्षेत्रातल्या कितीतरी सिद्धतांचा सांगाडा हाच आहे: आधी नाणं, मग कात्री.

सरासरी उलट्या बाजूनेही वापरता येते, आणि काळाच्या क्रमाने तो वापर आधीचा आहे. १९४३ मध्ये टिबोर सेले या हंगेरियन गणितज्ञाने स्पर्धांचा प्रश्न घेतला. दहा खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, बरोबरी नाही. खेळाडूंचा असा क्रम लावायचा की प्रत्येकाने आपल्या पुढच्याला हरवलेलं असेल. असे क्रम किती असू शकतात? दहा जणांचे एकूण क्रम ३६,२८,८००. एका ठरावीक क्रमात नऊ निकाल जुळून यावे लागतात, म्हणजे शक्यता ५१२ त एक. सरासरी ७,०८७.५. तेव्हा अशी एखादी स्पर्धा असलीच पाहिजे जिच्यात किमान ७,०८८ क्रम आहेत. ती कुठली, हे सेलेनेही सांगितलं नाही.

'आहे' आणि 'ही बघा' यांच्यातलं अंतर गणितज्ञांनाही खुपतं. शंभर ठिपक्यांपुरतं ते मिटवता येतं, आणि त्याची युक्ती सरासरीतूनच निघते. रेघा एकेक करून रंगवत जा. कुठल्याही टप्प्यावर, आतापर्यंतच्या रेघा ठरलेल्या आणि बाकीच्या नाण्यावर सोडलेल्या, अशा स्थितीत एकरंगी गटांची सरासरी काढता येते. ज्या गटात दोन्ही रंग येऊन गेले तो बाद. बाकी प्रत्येकाची शक्यता उरलेल्या रेघांवरून कळते. आता पुढची रेघ तांबडी केली तर सरासरी किती होईल आणि निळी केली तर किती, ते मोजा. या दोन्हींचा मध्य म्हणजे आत्ताची सरासरी, म्हणून त्यांतली एक तरी आत्ताच्याहून जास्त नसते. ती निवडा. सुरुवात ०.९८४ ला झाली, आकडा कधीच चढला नाही, आणि शेवटच्या रेघेनंतर सरासरी उरतच नाही. उरते ती प्रत्यक्ष संख्या. ती पूर्णांक आहे आणि ०.९८४ हून मोठी नाही. म्हणजे शून्य. आता नाण्याची गरजच नाही. लागतो तो हिशेब, १७ लाख कोटी गटांचा, रेघेगणिक. एखाद्या मोठ्या संगणकाला तो झेपेल.

गट वीसचा करा, आणि ठिपके १,०२४. कळपांच्या रचनेने १९ कळप गुणिले १९ ठिपके, म्हणजे ३६१ पर्यंतच जाता आलं असतं. नाण्याने काय होतं? वीस ठिपक्यांत १९० रेघा, म्हणून एका गटाची शक्यता २ च्या १८९ व्या घातात एक. गटांची संख्या ४२ आकडी आहे, म्हणजे विलक्षण मोठी, पण या छेदापुढे ती कुठल्या कुठे मागे राहते. सरासरी एकाहून कमी तर आहेच. ती इतकी लहान आहे, की नाणं उडवून केलेली रंगयोजना नापास होण्याची शक्यता १ वर १५ शून्ये एवढ्यातही एक भरत नाही. कळपांची रचना गटाच्या आकाराच्या वर्गाच्या मागे-मागे चालते. एर्डोशच्या युक्तिवादात गटाचा आकार दोनाने वाढवला, की ठिपके जवळजवळ दुप्पट घेता येतात, आणि ही दुप्पट प्रत्येक पावलाला लागू होत राहते. गट थोडा मोठा झाला की वर्ग तिच्यापुढे टिकत नाही.

इथे एक चमत्कारिक स्थिती तयार होते. आज संध्याकाळी घरच्या संगणकाला ५,२३,७७६ रेघांसाठी यादृच्छिक रंग निवडायला सांगितलं, तर क्षणभरात एक रंगयोजना मिळेल आणि ती जवळजवळ नक्कीच निर्दोष असेल. पण 'ही रंगयोजना निर्दोष आहे' याची सिद्धता हातात नसेल. एकेक गट तपासायचा म्हटलं तर ४२ आकडी काम. रेघेगणिक हिशेबाची युक्तीही तेवढ्याच गटांवर अडते. बहुतेक सगळ्या रंगयोजना चांगल्या आहेत आणि तरी एकीवरही बोट ठेवून खात्री देता येत नाही.

म्हणून नियमाने लिहून देता येईल अशी रचना शोधायचा प्रश्न एर्डोशपासून लोकांच्या डोक्यात आहे. १९८१ मध्ये पीटर फ्रँकल आणि रिचर्ड विल्सन यांनी संचांच्या छेदांवर आधारलेली एक रचना दिली. तिच्यातल्या ठिपक्यांची संख्या गटाच्या आकाराच्या कुठल्याही ठरावीक घाताला मागे टाकते. अलीकडे संगणकशास्त्रातून आलेल्या कल्पनांनी ती बरीच सुधारली. पण दर दोन पावलांना दुप्पट तर दूरच, एखाद्या ठरावीक संख्येएवढ्या पावलांनंतर दर वेळी दुप्पट होईल अशी लिहून देण्याजोगी रचनाही अजून सापडलेली नाही. नाणं जे डोळे मिटून करतं, ते डोळे उघडे ठेवून कुणाला करता आलेलं नाही.

सरासरीचा हा युक्तिवाद ताणून किती पुढे नेता येतो, तेही पाहण्यासारखं आहे. कात्रीने थोडा फायदा होतो. १९७५ मध्ये जोएल स्पेन्सर यांनी एर्डोश आणि लास्लो लोवास यांचं एक नवं साधन वापरलं. बहुतेक गटांचा एकमेकांशी संबंधच नसतो, याचा फायदा ते साधन घेतं. मोठ्या गटांसाठी १९४७ च्या आकड्याची त्याने साधारण दुप्पट केली. दुप्पट एकदाच, दर दोन पावलांना दुप्पट होण्याचा वेग मात्र तोच राहिला. दोन्ही रंगांना सारखीच अट असलेल्या या प्रश्नात खालच्या बाजूने त्याच्या पुढे आजवर कुणी गेलेलं नाही.

वरचं कुंपण तेवढं हललं. १९३५ च्या हिशेबाने गट एकाने मोठा केला की ठिपके फार तर चौपट लागत. त्या हिशेबात वीसच्या गटासाठी ३,५३४ कोटी ५२ लाख ६३ हजार ८०० ठिपके हा आकडा येतो. खाली हजारावर थोडे, वर साडेतीन हजार कोटी, आणि खरा आकडा मध्ये कुठेतरी. २०२३ च्या मार्चमध्ये मार्सेलो कांपोस, सायमन ग्रिफिथ्स, रॉबर्ट मॉरिस आणि जुलियन सहस्रबुद्धे या चौघांनी दाखवलं, की मोठ्या गटांसाठी हा गुणक चारपेक्षा किंचित कमी आहे. किंचित म्हणजे त्यांच्या पहिल्या सिद्धतेत ३.९९३ च्या आसपास. तेवढ्यासाठी ८८ वर्षं लागली.